आधी वॅट कमी करा, मग पंखा

मे महिन्यात विदर्भात दुपारी खोली ३८ अंशांवर गेली की गेमिंग कॉम्प्युटरचा पंखा किंचाळू लागतो. बहुतेक जण तेव्हा पंख्याचीच सेटिंग चाचपतात. पण पंखा उष्णता कमी करत नाही, कार्डावरून उचलून ती खोलीत टाकतो. मुळात उष्णता किती तयार व्हावी, हे पॉवर लिमिट ठरवतं. म्हणून सुरुवात तिथून करावी.

आरटीएक्स ३०८० हे कार्ड घेऊ. त्याची मूळ मर्यादा ३२० वॅट. समजा, २६ अंशांच्या खोलीत ते पूर्ण भारावर ७० अंशांवर स्थिरावतं, म्हणजे खोलीपेक्षा ४४ अंश वर. पंख्याचा वेग तोच ठेवला तर हा फरक साधारण तेवढाच राहतो. त्यामुळे ३८ अंशांच्या खोलीत कार्ड ८२ वर जाईल. आता एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ७५ टक्क्यांवर आणून बदल लागू करा. मर्यादा २४० वॅट झाली. फरकही जवळपास त्याच प्रमाणात घटून ३३ अंशांवर येतो आणि कार्ड ७१ वर थांबतं. पंखा जराही न वाढवता! शिवाय खोलीत ८० वॅट कमी उष्णता पडते, साधारण छताचा एक जुना पंखा खातो तेवढी.

वेग मात्र पाव हिश्शाने घटत नाही. चिपचा वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे शेवटचे थोडे मेगाहर्ट्झ मिळवायला भरमसाट वीज जाते. लिमिट कमी केल्यावर कार्ड आधी तेच सोडून देतं. अशा कार्डावर गेमच्या फ्रेम बहुधा पाच ते दहा टक्केच घटतात. माझ्या मते उन्हाळ्यात हा सौदा डोळे झाकून करावा. पण ६० टक्क्यांच्या आसपास गेलात तर घट जाणवू लागते, आणि काही कार्डं तिथवर उतरूच देत नाहीत.

मग फॅन कर्व्ह. ६० अंशांपर्यंत ३५ टक्के, ७२ ला ५०, ८० ला ७० आणि ८५ ला १०० असा चढ ठेवून पाहा. एकसुरी घरघर कान लवकर विसरतो, वरखाली होणारा आवाज त्रास देतो. म्हणून तिथलं हिस्टेरेसिस चार-पाच अंशांवर ठेवा, म्हणजे तापमान तेवढं उतरल्याशिवाय पंखा मंदावणार नाही. तापलेल्या खोलीत काम नसतानाही कार्ड पन्नाशीला टेकतं आणि पंखा सारखा बंद-चालू होतो. त्यापेक्षा तो ३० टक्क्यांवर कायम फिरू द्यावा.

तपासायला जीपीयू-झेडमधलं PerfCap Reason पाहा. तिथे Pwr दिसलं तर कार्ड तुमच्या मर्यादेत चाललंय, Thrm दिसलं तर उष्णतेने अडतंय. ३०८० वर आणखी एक आकडा पाहायलाच हवा, मेमरीच्या तापमानाचा. पंखा फार मंद केला तर चिप ७१ वर निवांत दिसते आणि मेमरी शंभरी ओलांडते. एचडब्ल्यूइन्फोमध्ये तो आकडा ११० जवळ दिसला, तर कर्व्हचा मधला भाग थोडा उचला आणि तेवढा आवाज सोसा.