शंभर क्विंटल तूर, बहात्तर क्विंटल डाळ. बाकीची गेली कुठे?

डाळ मिलमधला एक लॉट उदाहरणादाखल घेऊ. तूर १०० क्विंटल, ओलावा १२ टक्के. चाळणीत खडा-माती १ क्विंटल निघाली. पुढे डाळ ७२, चुणी १३ आणि टरफल ११ क्विंटल भरले. म्हणजे ३ क्विंटल कमी.

यातला बराचसा भाग उन्हाने नेला. सगळा माल १० टक्के ओलाव्यावर आला असेल, तर ९९ × ८८ ÷ ९० = ९६.८, म्हणजे २.२ क्विंटल पाणी उडाले. ही घट वेगळ्या नावाने लिहावी. उरलेली ०.८ क्विंटल म्हणजे उडालेली धूळ, सांडलवंड किंवा काट्याची चूक. ती नेहमीच्या मर्यादेत असेल तर तिचा खर्च डाळीवरच पडतो. मर्यादेबाहेरची घट मात्र तोट्यात वेगळी दाखवावी, नाहीतर डाळीचा भाव उगाच फुगतो.

चुणी, टरफल हा कचरा नव्हे, पशुखाद्याचा माल आहे. त्याची आवक त्याच दिवशी साठ्यात घ्यावी. तूर आणि दळणावळ मिळून खर्च ७,३०,००० रुपये, चुणी-टरफलाची अपेक्षित विक्री ३७,००० धरली, तर डाळीवर ६,९३,००० उरतात: क्विंटलला ९,६२५ रुपये.

बहुतेक घोळ चुणीतच होतो. आवक न लिहिता ती विकली, की साठा उणे दिसतो. रोखीत विकून बिलच केले नाही, तर तेवढेही दिसत नाही. फक्त ‘घट’ वाढलेली असते.