अठ्ठेचाळीस चेहरे, दोन पानं

शाळेच्या वार्षिकांकात दहावीच्या वर्गाचं पान करायचं ठरलं की सगळ्यांना एकाच पानावर बसवायचा मोह होतो. आमच्या वर्गाचा पट 48. मी एकदा तसं करून पाहिलं. सगळे मावले, पण चेहरे टपालाच्या तिकिटाएवढे झाले आणि लांब आडनावं एकमेकांत घुसली. तेव्हापासून मी समोरासमोरची दोन पानं मागून घेते.

ए-फोर पान 210 मिमी रुंद आणि 297 मिमी उंच असतं. चारही बाजूंना 15 मिमी समास सोडला की रुंदी 180 मिमी उरते. त्यात 28 मिमी रुंदीचे पाच फोटो आणि त्यांच्यामध्ये 10 मिमीच्या चार फटी नेमक्या बसतात. उंचीतून शीर्षकासाठी 27 मिमी काढले की 48 मिमीच्या पाच रांगा होतात: 36 मिमी फोटो, 1 मिमी फट, मजकुराच्या दोन ओळींना 7 मिमी आणि खाली 4 मिमी मोकळी जागा. फोटो आणि नाव यांच्यातली फट खालच्या मोकळ्या जागेपेक्षा कमीच हवी. नाहीतर नाव वरच्या मुलीचं की खालच्या मुलाचं, हे वाचणाऱ्याला कळत नाही. दोन पानांत अशी 50 घरं होतात. पहिलं वर्गशिक्षिकेचं, मग 48 मुलं, आणि शेवटचं रिकामं. तिथे फुलाचं चित्र घालू नये. वर्षाच्या मध्यात शाळेत आलेलं एखादं मूल यादीतून राहून गेलेलं असू शकतं, त्याच्यासाठी ती जागा लागते.

फोटो घरून मागवले की कुणाचा लग्नातला येतो, कुणाचा आधार कार्डावरचा. त्यापेक्षा एका सकाळी शाळेतच सगळ्यांचे काढावेत. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा गणवेश हरवतो, म्हणून मागे फिकट निळी चादर टांगावी. जागा व्हरांड्यातली, सावलीतली असावी. कॅमेरा दोन मीटरवर ठेवून झूम करावं, कारण फार जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं दिसतं. प्रत्येक मुलाच्या उंचीनुसार कॅमेरा डोळ्यांच्या पातळीला आणावा. फोटो कापताना 36 मिमी उंचीच्या चौकटीत वरून 15 मिमीवर एक आडवी रेघ आखून ठेवावी आणि प्रत्येकाचे डोळे त्या रेघेवर आणावेत. केसांपासून हनुवटीपर्यंतचं अंतर साधारण 22 मिमी ठेवावं. हे केलं नाही तर एकाच वयाची मुलं पानावर लहानमोठी दिसतात, आणि छोट्या दिसलेल्या मुलाला ते लागतं.

फोटोच्या फाइलला हजेरी क्रमांकाचंच नाव द्यावं, तेही दोन अंकी: `10A_07.jpg`. नुसता 7 लिहिला तर काही प्रोग्राम 10 ला 2 च्या आधी लावतात आणि तिथून पुढचे सगळे चेहरे चुकीच्या नावांवर सरकतात.

खालच्या ओळींचा नियम एकदाच ठरवावा. पहिल्या ओळीत नाव आणि आडनाव, ठळक. मधलं नाव कुणाचंच नको, कारण काही मुलं वडिलांचं लावतात, काही आईचं, काही कुणाचंच नाही. वर्गात एकाच नावाचे दोघे असतील तर मधलं अक्षर दोघांनाही द्यावं, एकालाच नाही. दुसऱ्या ओळीत सगळ्यांना एकच प्रश्न. ‘छंद’ विचारला तर निम्मा वर्ग क्रिकेट लिहितो. मी ‘शाळेतली आवडती जागा’ विचारते. एकाने लिहिलं होतं, ‘मला मधल्या सुट्टीत नळापाशी गप्पा मारायला खूप आवडते.’ पानावर त्याचं ‘नळापाशी’ झालं. क्रियापद नाही, पूर्णविराम नाही, अठरा अक्षरांच्या आत. मूल जे म्हणालं तेच राहिलं, फक्त आटोपशीर झालं.

खरा घोळ छापखान्यात होतो. आपण नावं युनिकोडमध्ये टाइप करतो, तर काही ठिकाणी ती जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात. त्या बदलात ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ यांतला अर्धा र हमखास मोडतो: ‘गोऱ्हे’चं ‘गोर्हे’ होतं. घाईत हे डोळ्यांतून सुटतं, कारण आपण माणूस ओळखत असतो आणि ओळखीचं नाव वाचतच नाही. म्हणून प्रूफ मी स्टाफरूममध्ये तपासत नाही. कागदावर छापून वर्गात फिरवते आणि प्रत्येकाने आपलं नाव वाचून त्याखाली पेन्सिलने सही करायची. सही नसलेलं घर दिसलं की ते मूल गैरहजर होतं हे कळतं. मग प्रूफ आणखी एक दिवस थांबतं.

गेल्या वर्षी दोन वेळा तपासलेल्या पानावर एका मुलीने सही केली नाही. ती कागद घेऊन माझ्यापाशी आली आणि म्हणाली, ‘बाई, नाव बरोबर आहे, पण हा फोटो माझ्या बहिणीचा आहे.’ त्या दोघी जुळ्या, आणि वर्गातल्या कुणालाच ते कळलं नव्हतं.