इंटर्नशिपची जाहिरात कशी वाचावी?

दुसरे सत्र सुरू झाले की एम.कॉम.च्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर अशा जाहिराती येऊ लागतात :

«अकाउंट्स इंटर्न पाहिजेत. सीए ऑफिस, नाशिक. बी.कॉम./एम.कॉम. विद्यार्थी. काम : अकाउंट्स व जीएसटीची सर्व कामे. स्टायपेंड : ₹5,000 पर्यंत. कालावधी : 3 महिने. रिझ्यूमे व्हॉट्सअ‍ॅप करा. त्वरित रुजू व्हावे लागेल.»

ही जाहिरात उदाहरणासाठी रचलेली आहे, पण प्रत्यक्षात येणाऱ्या जाहिरातींची मांडणी साधारण अशीच असते. काम, पैसे, मुदत आणि अर्ज या चारही गोष्टी तिच्यात आहेत. तरीही यातल्या एकीवरूनही विद्यार्थ्याला निर्णय घेता येत नाही. बहुतेकांची नजर आधी स्टायपेंडच्या आकड्यावर जाते. वाचायला सुरुवात मात्र कामाच्या ओळीपासून करावी, कारण बाकीच्या तिन्ही ओळींचा अर्थ तिच्यावर ठरतो.

«अकाउंट्स व जीएसटीची सर्व कामे» यात टॅलीत बिले चढवणेही येते आणि फायली लावणे, बँकेत चेक भरून येणेही येते. ऑफिसात पहिल्या आठवड्यात किरकोळ कामे सर्वांनाच करावी लागतात, त्यात वावगे नाही. पण तीन महिने तेवढेच केले, तर शिकण्यासारखे हाती काही लागत नाही. म्हणून कामाची ओळ वाचताना दोन प्रश्न विचारावेत : माझ्या हातून नेमके काय तयार होणार आणि ते तपासणार कोण? «खरेदी-विक्रीच्या बिलांची टॅलीत नोंद, बँक रिकन्सिलिएशन, खरेदीच्या नोंदी जीएसटीआर-2बी शी जुळवणे, तपासणी सीनिअर अकाउंटंट करतील» असे लिहिले असेल, तर पहिल्या प्रश्नाचेही उत्तर मिळते आणि दुसऱ्याचेही.

काम कळले की मुदतीचा विचार करता येतो. जीएसटीचे काम महिन्याच्या चक्राने चालते. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याचे जीएसटीआर-1 पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत जाते, 14 तारखेला 2बी तयार होते आणि 20 तारखेपर्यंत 3बी भरायचे असते. त्यामुळे महिनाभराच्या इंटर्नशिपमध्ये हे चक्र जेमतेम एकदा पाहायला मिळते. पहिल्या वेळी बहुतेक वेळ समजून घेण्यातच जातो, स्वतःच्या हाताने काम होते ते दुसऱ्या वेळी. म्हणून या कामासाठी दोन महिने तरी असावेत. तिसरा महिना मागणाऱ्या ऑफिसला त्यात वेगळे काय शिकवणार, हे विचारायला हरकत नाही.

विद्यापीठाचा हिशेब मात्र महिन्यांत नसतो, तो तासांत असतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदव्युत्तर पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत ओजेटी, 4 क्रेडिटचे आहे. एका क्रेडिटला 30 तास धरले, तर एकूण 120 तास होतात. रोज 4 तास दिले, तर 30 दिवसांत ते पूर्ण होतात. पूर्णवेळ 8 तास बसल्यास 15 दिवस पुरतात. जाहिरातीत «3 महिने» असे आहे, पण रोज किती तास हे दिलेले नाही. पूर्णवेळ तीन महिने म्हणजे सहाशेहून अधिक तास. सत्र सुरू असताना लेक्चर आणि परीक्षा सांभाळून एवढे तास देता येत नाहीत. त्यामुळे रोजचे तास, वेळ आणि परीक्षेच्या काळातली सुट्टी या तीन गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात.

आता स्टायपेंड. «₹5,000 पर्यंत» या शब्दांत वरची मर्यादा दिली आहे, खालची नाही. हातात ₹2,000 ठेवले, तरी जाहिरात खोटी ठरत नाही. म्हणून नक्की किती, कोणत्या तारखेला आणि सुट्टी घेतल्यास किती कापणार, हे विचारावे. पूर्ण ₹5,000 मिळतील असे धरूनही हिशेब करून पाहावा. महिन्याला 26 दिवस, रोज 4 तास, म्हणजे 104 तास. तासाला सुमारे ₹48 पडतात. सिन्नरहून नाशिकला येणाऱ्या मुलीचे जाण्या-येण्याचे भाडे रोज ₹100 धरले, तर ₹2,600 त्यातच जातात आणि उरतात ₹2,400. वेळ 8 तासांची असेल, तर तासाचा दर ₹24 वर येतो आणि दुपारच्या डब्याचा किंवा जेवणाचा खर्च वाढतो. काम चांगले असेल, तर एवढ्यावरही जाणे योग्य ठरू शकते. पण तो निर्णय हिशेब मांडूनच घ्यावा.

कायद्याने ठरलेल्या किमान रकमेवर हक्क सांगता येईल का? अप्रेंटिसशिप कायद्याखाली करार झालेल्या अप्रेंटिसला नियमांतली किमान रक्कम द्यावी लागते. सीएच्या आर्टिकल असिस्टंटसाठीही त्यांच्या संस्थेने किमान रकमा ठरवून दिल्या आहेत. कॉलेजच्या ओजेटीवर आलेला विद्यार्थी या दोन्हींत बसत नाही. त्याच्या बाबतीत लेखी ठरले तेवढेच खरे. केंद्राच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेशीही अनेकजण गल्लत करतात. 2024 मध्ये सुरू झालेल्या तिच्या प्रायोगिक टप्प्यात 12 महिने दरमहा ₹5,000 होते, पण ती 21 ते 24 वयाच्या आणि पूर्णवेळ शिक्षण न घेणाऱ्या तरुणांसाठी होती.

शेवटची ओळ अर्जाची. नुसता रिझ्यूमे पाठवून उत्तराची वाट पाहण्यापेक्षा सोबत चार-पाच ओळी लिहाव्यात : «सर/मॅडम, मी एम.कॉम. पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. मला 120 तासांचे ओजेटी पूर्ण करायचे आहे. सोमवार ते शनिवार दुपारी 2 ते 6 येऊ शकते. टॅलीत व्हाउचर एंट्री येते. जीएसटीचे प्रत्यक्ष काम केलेले नाही. रोजचे काम, तपासणारी व्यक्ती आणि स्टायपेंडची निश्चित रक्कम कळवावी, ही विनंती. कॉलेजचे पत्र सोबत जोडले आहे.» काय येत नाही हे स्पष्ट लिहिल्याने ऑफिसला आपल्याला कोणते काम द्यायचे ते ठरवता येते. आणि या प्रश्नांना मिळणारे उत्तर हीच त्या ऑफिसची पहिली परीक्षा. «या, मग बघू» एवढेच उत्तर आले, तर एकदा नम्रपणे पुन्हा विचारावे. तरीही तेच आले, तर दुसरी जागा शोधावी. नोंदणी, ट्रेनिंग किट किंवा परत मिळणारे डिपॉझिट म्हणून आधी पैसे मागितले, तर तिथेच थांबावे. कामाला घेणारा उमेदवाराकडून पैसे घेत नाही. निवडीच्या नावाखाली कुणी मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला, तर तो कधीही सांगू नये.

होकार मिळाल्यावर सुरुवातीची तारीख, रोजचे तास, काम आणि रक्कम एका ई-मेलवर मागून घ्यावी. पहिल्या दिवसापासून वहीत तारीख, तास आणि केलेले काम लिहून आठवड्याला मार्गदर्शकाची सही घ्यावी. शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर «समाधानकारक काम केले» एवढेच नको. एकूण तास आणि केलेली कामे नावानिशी हवीत. कॉलेजात गुण देणारे शिक्षक तेच तपासतात आणि पुढे मुलाखत घेणारा अकाउंटंटही त्याबद्दलच विचारतो.