हातात १६४, पायात ११८

उदाहरणादाखल एक २४ वर्षांचा तरुण घेऊ. नोकरीवर रुजू होण्यापूर्वीच्या तपासणीत त्याचा वरचा रक्तदाब १६४ निघतो. वजन बेताचं, व्यसन नाही, रोजचं खेळणं चालू. घाबरल्यामुळे वाढला असेल म्हणून थोडा वेळ बसवून पुन्हा मोजतात, तरी आकडा हलत नाही. या वयात इतका रक्तदाब दिसला की त्यामागे काही ठोस कारण आहे का, हे शोधावं लागतं. मूत्रपिंडाचे विकार आणि संप्रेरकांचे दोष डॉक्टरांच्या मनात येतात. पण एक कारण असं आहे, की त्याचा पहिला सुगावा प्रयोगशाळेच्या आधी बोटांना लागतो.

डॉक्टर एका हाताची बोटं मनगटावर आणि दुसऱ्या हाताची जांघेत ठेवतात. निरोगी माणसात दोन्ही नाड्या जवळजवळ एकाच वेळी उडतात. या तरुणाच्या मनगटावरची नाडी ठसठशीत लागते. जांघेतली मात्र क्षीण आहे आणि किंचित मागाहून येते. मग पायाचा रक्तदाब घेतला जातो. त्यासाठी मांडीवर रुंद पट्टा लागतो. दंडाचा अरुंद पट्टा वापरला तर आकडा खोटा जास्त येतो आणि फरक लपून जातो. निरोगी माणसाच्या पायातला वरचा दाब हाताइतका किंवा थोडा अधिक असतो. इथे हातात १६४ आणि पायात ११८, म्हणजे ४६चा फरक. हाताच्या मानाने पायातला दाब २० किंवा त्याहून अधिकने कमी भरला, तरी पुढची तपासणी करावी लागते.

संशय असतो तो महाधमनी जन्मतः अरुंद असण्याचा. हृदयातून निघालेली ही मुख्य रक्तवाहिनी वर चढते, डोक्याला आणि हातांना फांद्या देते आणि खाली वळते. डाव्या हाताची फांदी फुटल्यानंतर लगेच ती आवळलेली असते. त्यामुळे हात आणि डोकं अडथळ्याच्या अलीकडे राहतात, तर पोट आणि पाय पलीकडे. कधी डाव्या हाताची फांदीही या आवळलेल्या भागात सापडते आणि त्या हातातला दाब कमी भरतो. म्हणून उजव्या हाताचा रक्तदाब मोजायला विसरायचं नसतं.

मूत्रपिंडंही अडथळ्याच्या पलीकडेच असतात. आपल्याकडे येणारा दाब कमी पडला, की ती रेनिन सोडतात. त्यातून रक्तवाहिन्या आकसतात, शरीरात मीठ-पाणी साठतं आणि आधीच चढलेला वरचा दाब आणखी चढतो. गोळ्यांनी आकडा उतरतो, पण अडथळा तसाच राहतो. शिवाय हातातला दाब फार खाली आणला तर मूत्रपिंडांना रक्त अपुरं पडू शकतं.

दोष जन्मापासूनचा, मग इतकी वर्षं कळला कसा नाही? आवळ तीव्र असेल तर बाळ पहिल्या काही आठवड्यांतच अत्यवस्थ होतं. ती मध्यम असेल तर शरीर पर्यायी वाटा काढतं. छातीच्या आणि बरगड्यांखालच्या धमन्या फुगून अडथळ्याला वळसा घालतात आणि पायांना रक्त पोचतं. या फुगलेल्या धमन्यांच्या दाबाने बरगड्यांच्या खालच्या कडेला खाचा पडतात आणि त्या साध्या एक्स-रेतही दिसू शकतात. डोकेदुखी, नाकातून रक्त येणं, चढ चढताना पोटऱ्या भरून येणं अशा तक्रारी असतात, पण कित्येकांना काहीच जाणवत नाही.

क्षीण नाडीचं कारण दरवेळी हेच असेल असं नाही. ताकायासू आजारात महाधमनीच्या भिंतीला सूज येऊनही ती अरुंद होते. तो विशेषतः तरुण स्त्रियांत आढळतो. ताप, वजन घटणं, रक्तात सूज दाखवणाऱ्या चाचण्या आणि एकाहून अधिक ठिकाणी आवळलेल्या धमन्या त्याकडे बोट दाखवतात. म्हणून इकोबरोबर सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी करून जागा, लांबी आणि भिंतीची अवस्था पाहिली जाते. इकोत हृदयाची महाधमनीची झडपही तपासतात, कारण या रुग्णांपैकी अनेकांत तिला तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात.

उपचाराचा इतिहास १९४४ सालचा. त्या वर्षी स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनी आवळलेला तुकडा कापून महाधमनीची दोन टोकं जोडली. आज प्रौढांत, रचना अनुकूल असेल तर, जांघेतून नळी नेऊन तिथे स्टेंट बसवतात. इतरांना शस्त्रक्रिया लागते. त्यानंतर हातापायांतला फरक बहुधा मिटतो, पण निदान जितकं उशिरा, तितकी रक्तदाब मागे राहण्याची शक्यता अधिक, कारण वरच्या धमन्या तोवर ताठर झालेल्या असतात. दुरुस्त केलेली जागा पुन्हा अरुंद होऊ शकते किंवा तिथली भिंत फुगू शकते. त्यामुळे रुग्णाला अधूनमधून स्कॅन आणि उजव्या हाताचा रक्तदाब यांसाठी आयुष्यभर हृदयरोगतज्ज्ञाकडे जावं लागतं. स्त्री रुग्णांनी गरोदरपणाचा विचार करण्याआधी ही तपासणी करून घ्यायची असते.