रिमला चिकटलेला सायकलचा टायर : ट्यूब न चिमटता कसा सोडवाल?

पावसाळा संपून सुगी सुरू झाली की गोठ्यात, पडवीत चार महिने उभी असलेली सायकल बाहेर निघते. हवा कधीच उतरलेली असते. दमट हवेने लोखंडी रिमला गंज चढलेला असतो आणि टायरचा काठ त्या गंजात पक्का बसलेला असतो. ट्यूब तपासायची म्हणून आपण टायर उचलायला जातो, तर तो हलत नाही. मग स्क्रू-ड्रायव्हर येतो, विळ्याची मूठ येते, पान्याची दांडी येते. टायर निघतो खरा, पण एका काट्याच्या पंक्चरची तीन पंक्चर होतात. दूध घालायला किंवा मुलांना शाळेला जायला सायकल लागते, त्या घरी हा खोळंबा परवडत नाही. म्हणून हे काम नेमके कसे करावे, ते सांगतो.

आपण येथे नेहमीची काळी, मोठ्या चाकाची सायकल धरू. तिच्या टायरवर २८ × १½ असा आकडा असतो, काही टायरवर ४०-६३५ असेही छापलेले असते.

चिकटणे वेगळे, घट्ट असणे वेगळे

शेतकरी बंधूंनो, पहिली गोष्ट ही की टायर न निघण्याची कारणे दोन आहेत आणि दोन्हींचा इलाज निराळा आहे. एक म्हणजे काठ गंजाला किंवा जुन्या रबराला चिकटलेला असतो. दुसरे म्हणजे काठ सुटा असूनही कडेवरून ओलांडून येत नाही. पहिल्या अडचणीवर पट्टी म्हणजे लिव्हर चालवली की ट्यूब फाटते. चिकटलेला काठ आधी हाताने, पायाने, साबणाच्या पाण्याने सोडवायचा असतो. लिव्हर हे सगळ्यात शेवटचे हत्यार.

दुसरी अडचण समजायला रिमचा आकार बघा. रिमच्या दोन कडांच्या आत, दोन्ही बाजूंना टायरचा काठ टेकतो ती जागा असते. मधोमध मात्र पन्हळीसारखा खोलगट भाग असतो. टायरच्या काठात पोलादी तार असते आणि ती रबरासारखी ताणत नाही. मग टायर कडेवरून येतो कसा? तर काठाचा एक भाग त्या पन्हळीत उतरवला की तिथे तारेला कमी वाट लागते. वाचलेली तार समोरच्या बाजूला ढिली मिळते. एका बाजूला काठ काही मिलीमीटर खाली गेला की समोरच्या बाजूला तो जवळजवळ तेवढाच वर येतो. सगळी युक्ती एवढीच आहे, जोर नव्हे.

आता लक्षात येईल की वीतभर काठ जरी कुठे चिकटून राहिला, तरी तेवढी तार पन्हळीत उतरत नाही आणि सगळी ढील तिथेच अडकते. आपण मात्र दुसरीकडे लिव्हर दाबत बसतो.

आधी हवा, मग काठ

चिकटलेल्या टायरसाठी चाक सायकलीतून काढलेले बरे. वॉल्व्हचा वरचा नट फिरवून आतली पिन वॉल ट्यूबसकट बाहेर काढा. टायर दोन्ही हातांनी दाबून उरलीसुरली हवा घालवा. ट्यूबमध्ये थोडी जरी हवा राहिली, तरी ती काठाखाली फुगून येते आणि लिव्हरच्या टोकाला सापडते. मग रिमजवळचा नट काढून वॉल्व्हची नळी थोडी आत ढकला. ती मोकळी खालीवर झाली पाहिजे.

आता चाक आडवे ठेवायचे. मधला आस जमिनीला टेकू देऊ नका, रिमखाली घडी केलेली पोती घाला. कपडे धुण्याच्या साबणाचे दाट पाणी करून जुन्या ब्रशने रिमची कड आणि टायर यांच्या फटीत सगळीकडे सोडा. पंधरा मिनिटे थांबा. चाक पलटून दुसऱ्या बाजूलाही तसेच करा. रॉकेल, डिझेल किंवा गाडीचे तेल मात्र फटीत घालू नका. त्याने टायर सुटेलही, पण रबर फुगते, मऊ पडते, आणि नंतर ट्यूबवर ठिगळ धरत नाही.

मग पायात चप्पल घालून टाचेने टायरच्या भिंतीवर, रिमच्या अगदी लगत वजन द्या. वजन रबरावर पडले पाहिजे. रिमवर किंवा ताऱ्यांवर पडले तर चाकाला वाक येतो. थोडे थोडे सरकत पूर्ण फेरी करा. काठ सुटतो तेव्हा बारीकसा 'कट' आवाज येतो आणि टायर एकदम आत सरकतो. तरीही हलत नसेल, तर वेल्डिंगच्या दुकानातील व्हाइसला दोन्ही बाजूंनी लाकडी फळ्या लावून टायर त्यात आवळा. दोन्ही काठ एकाच वेळी आत ढकलले जातात. हातोडी थेट टायरवर मारू नये.

काठ पूर्ण सुटला हे कसे ओळखावे? अंगठ्याने टायरची भिंत आत दाबत जा. प्रत्येक ठिकाणी रिमची आतली बाजू दिसली पाहिजे. दोन्ही बाजूंनी अशी खात्री झाल्याशिवाय लिव्हर हातात घेऊ नका.

ढील जमवायची कुठे

वॉल्व्हपाशी ट्यूबचे रबर जाड असते आणि नळी मध्ये असते. त्यामुळे तिथे काठ पन्हळीत खोल उतरू शकत नाही. म्हणून ढील वॉल्व्हच्या बाजूला आणायची आणि काठ उतरवायचा तो समोरच्या बाजूला. चाक उभे धरा, वॉल्व्ह वर ठेवा. अगदी खालून सुरुवात करून दोन्ही हातांनी टायरचे दोन्ही काठ चिमटीत धरून मध्ये, पन्हळीत दाबा, आणि दोन्ही अंगांनी वर वर येत राहा. वॉल्व्हजवळ पोहोचाल तेव्हा टायर रिमपासून थोडा उचललेला दिसेल.

आता लिव्हर. वॉल्व्हपासून साधारण वीतभर अंतरावर लावा, नेमकी वॉल्व्हवर नको. टायरची भिंत अंगठ्याने आत ढकलून आत डोकवा आणि ट्यूब बाजूला आहे ना ते बघा. लिव्हरचे टोक फक्त काठाखाली जाईल इतकेच घाला, म्हणजे नखाच्या लांबीएवढे. बहुतेक ट्यूब फाटतात त्या टोक खोल गेल्याने. आत गेलेले टोक ट्यूबला रिमवर दाबते आणि दांडी खाली ओढली की रबर चिमटले जाते. लिव्हर सावकाश खाली घ्या आणि तिचा आकडा चाकाच्या तारेत अडकवा. चार बोटे सोडून दुसरी लिव्हर लावा.

दुसऱ्या लिव्हरला अंगाचा जोर द्यावा लागत असेल, तर तिथेच थांबा. याचा अर्थ समोरचा काठ पन्हळीतून पुन्हा वर चढला आहे. पहिली लिव्हर काढा, खालून पुन्हा काठ दाबत या आणि मग लावा. ढील बरोबर जमली असेल तर दुसरी लिव्हर दोन बोटांच्या जोराने खाली येते. पुढे नुसती लिव्हर कडेवरून सरकवली तरी एक बाजू पूर्ण सुटते.

घरी लिव्हर नसेल तर जेवणाच्या जाड स्टीलच्या चमच्याची दांडी चालते, मात्र तिच्या कडा दगडावर घासून गुळगुळीत करा. स्क्रू-ड्रायव्हरला धारदार कोपरे असतात, तो नकोच.

एका दुधाच्या सायकलीचे उदाहरण

आमच्या सज्जातील एका शेतकऱ्याची दुधाचे कॅन नेणारी सायकल असाच पावसाळाभर शेळ्यांच्या गोठ्यात होती. मागचा टायर पूर्ण बसलेला. त्यांनी दोन स्क्रू-ड्रायव्हर लावून वीतभर काठ बाहेर काढला होता, पुढे तो येईना. "साहेब, टायरच लहान आलाय," असे त्यांचे म्हणणे होते. मी म्हटले, "अण्णा, टायर लहान असता तर बसलाच नसता."

बाहेर आलेला काठ पुन्हा आत घातला, चाक काढले आणि साबणाचे पाणी सोडले. टाचेने दाबल्यावर जवळजवळ सगळा काठ सुटला. वॉल्व्हच्या समोरच, जिथे चाक जमिनीवर टेकून होते आणि ओल लागत होती, तिथे मात्र दीड वीत काठ घट्ट राहिला. म्हणजे ज्या जागी काठ पन्हळीत उतरायला हवा, नेमकी तीच जागा अडली होती. तेवढ्याच भागाला पुन्हा साबण लावून पंधरा मिनिटे थांबलो, आणि दुसऱ्या खेपेला तो 'कट' आवाज करून सुटला. नंतर खालून काठ दाबत आल्यावर टायर एका लिव्हरने आणि अंगठ्यांनी निघाला. सगळे मिळून पाऊण तास गेला, त्यातला बराचसा साबण मुरण्यात.

ट्यूब बाहेर काढली तेव्हा खरी गोष्ट कळली. जमिनीकडच्या बाजूला, म्हणजे टायरच्या नक्षीखाली, बाभळीच्या काट्याचे एक भोक होते. रिमकडच्या बाजूला मात्र जवळ जवळ दोन बारीक चिरा होत्या. त्या स्क्रू-ड्रायव्हरच्या.

हे ओळखायला शिका. भोक बाहेरच्या अंगाला असेल तर काटा किंवा खिळा. रिमच्या अंगाला, काठाच्या रेषेत चीर असेल, विशेषतः जोडीने, तर ती लिव्हरचा चिमटा. अगदी मधोमध, रिमच्या पट्टीला टेकणाऱ्या भागावर असेल तर ताऱ्यांची टोके वर आलेली असतात.

ट्यूब काढताना आणि परत बसवताना

ट्यूब वॉल्व्हच्या समोरून ओढायला सुरुवात करा, वॉल्व्ह शेवटी. ती टायरला आतून चिकटली असेल तर हिसका न देता बोटाने सोलत जा. रिमचा गंज पॉलिश पेपरने घासा, साबण पुसून रिम कोरडी करा आणि मधली पट्टी फाटली असेल तर बदला. ट्यूबवर थोडे शंखजिरे चोळले तर ती पुढच्या वेळी चिकटत नाही. टायर चढवताना उलटा क्रम : वॉल्व्हच्या समोरून सुरू करून वॉल्व्हजवळ संपवायचे, आणि शेवटचा भाग अंगठ्यांनीच चढवायचा. नंतर वॉल्व्हची नळी एकदा आत ढकलून सोडा, म्हणजे काठाखाली ट्यूब अडकली असेल तर सुटेल.

एक मर्यादा सांगतो. रिमची कड ठोक्याने आत दुमडलेली असेल, गंजाने खाऊन धारदार झाली असेल, किंवा टायरच्या काठातली तार उघडी पडली असेल, तर ही रीत चालणार नाही. अशा वेळी टायर कापून काढावा. रबर सुरीने कापते, तारेला मात्र करवत पान लागते. तसा टायर पुन्हा घालण्याजोगा राहिलेलाच नसतो.

पुढच्या पावसाळ्यात सायकल ठेवाल तेव्हा चाके जमिनीवरून उचलून टांगा आणि महिन्यातून एकदा हवा भरा. हवेने काठ आपल्या जागी राहतो आणि फटीत पाणी मुरत नाही.