रक्त पातळ करणारी गोळी आणि जुलाबाची गोळी: एका फार्मसी इंटर्नची डायरी

डी. फार्म.ची परीक्षा झाली की विद्यार्थ्याला किमान तीन महिन्यांत 500 तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. त्यातले निदान 250 तास चिठ्ठीप्रमाणे औषधे देण्यात जातात. खालच्या नोंदी भंडारा जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात असे प्रशिक्षण घेणाऱ्या मुलीच्या आहेत. ही मुलगी आणि तिचे रुग्ण काल्पनिक आहेत. मात्र त्यांच्यासोबत जे घडते ते कोणत्याही औषध खिडकीवर घडू शकते, आणि त्यातली औषधांची माहिती प्रत्येक घराला उपयोगी आहे.

सोमवार

रोवणीचे दिवस आहेत. सकाळपासून खिडकीवर जुलाब, ताप आणि अंगदुखीचीच रांग होती. अकराच्या सुमारास पंचेचाळीस वर्षांच्या एक मावशी आल्या. चिठ्ठीवर तीन औषधे होती: मेट्रोनिडाझोल 400 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा पाच दिवस, डायक्लोफिनॅक 50 मिलिग्रॅम दोनदा आणि ओआरएसची पाकिटे. मी नाव पाहिले, डोस पाहिला, गोळ्या मोजल्या आणि पुडी बांधून खिडकीतून पुढे सरकवली. चिठ्ठीत चूक काहीच नव्हती.

मागे उभ्या असलेल्या सरांनी मावशींना विचारले, "रोजची कोणती गोळी सुरू आहे का?"

"आहे ना. नागपूरची. छातीचं आपरेशन झालं तेव्हापासून रोज रात्री घेतो. रक्त पातळ करायची."

"डॉक्टरांना सांगितलं होतं?"

"मले कोणी विचारलंच नाही. मी तर हगवणीसाठी आली."

सरांनी पुडी परत घेतली आणि मावशींना बाकावर बसायला सांगितले. पिशवीत त्यांची नागपूरची फाईल निघाली. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब झाली होती, आणि सहा वर्षांपूर्वी तिच्या जागी धातूची झडप बसवली होती. तेव्हापासून त्या वॉरफरिन 5 मिलिग्रॅम रोज रात्री घेतात. तीन आठवड्यांपूर्वीचा आयएनआर 3.1 होता.

सरांनी ओपीडीतल्या डॉक्टरांना फोन केला. बोलणे तीन वाक्यांचे होते: रुग्ण धातूच्या झडपेसाठी वॉरफरिनवर आहे, चिठ्ठीत मेट्रोनिडाझोल आणि डायक्लोफिनॅक आहे, दोन्हींमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टरांनी मावशींना परत बोलावून तपासले. जुलाब पाण्यासारखे होते. त्यात रक्त किंवा आव नव्हती, तापही नव्हता. त्यांनी दोन्ही औषधे काढली. ओआरएस, पातळ खिचडी, अंग दुखले तर दोन दिवसांपुरती पॅरासिटामॉल आणि गुरुवारी आयएनआर, असे नवीन चिठ्ठीवर लिहिले. वॉरफरिन स्वतःहून बंद करायची नाही, हे त्यांनी मावशींना दोनदा सांगितले.

घरी आल्यावरही ती पुडी डोळ्यांसमोर आहे. धोका माझ्या हातातल्या कागदावर नव्हताच. एक औषध या कागदावर होते, दुसरे पिशवीतल्या फाईलमध्ये.

मंगळवार

दुपारी गर्दी ओसरल्यावर सरांना विचारले की या दोन गोळ्या नेमके काय करतात.

शरीर रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार करते, आणि त्यासाठी व्हिटॅमिन के लागते. वॉरफरिन हे काम मंदावते. धातूच्या झडपेवर गुठळी धरू नये म्हणून ते मंद ठेवणे गरजेचे असते. किती मंदावले आहे ते आयएनआर तपासणीत कळते. वॉरफरिन न घेणाऱ्याचा आयएनआर साधारण 1 असतो. मावशींच्या झडपेसाठी डॉक्टरांनी 2.5 ते 3.5 ठरवला आहे. त्याखाली गेला तर झडपेवर गुठळी होण्याची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. म्हणजे ही गोळी अरुंद बांधावरून चालणारी आहे.

घेतलेली वॉरफरिन यकृतातले एक एन्झाइम रोज थोडी थोडी निकामी करते. मेट्रोनिडाझोल त्याच एन्झाइमला अडवते. मावशी तीच 5 मिलिग्रॅमची गोळी घेत राहिल्या असत्या, पण जुनी वॉरफरिन शरीराबाहेर न गेल्यामुळे रक्तात ती साठत गेली असती. डोस न वाढवता डोस वाढल्यासारखे झाले असते. डायक्लोफिनॅकचा मार्ग वेगळा आहे. ते जठराच्या आतल्या अस्तराला इजा करते आणि रक्तातल्या प्लेटलेटचे काम बिघडवते. एका औषधाने रक्त जास्त पातळ होणार आणि दुसरे जखम करणार.

मी विचारले, "सर, एक गोळी सकाळी आणि दुसरी रात्री दिली तर?"

सर म्हणाले, "पोटात भांडण असतं तर चाललं असतं. हे भांडण यकृतात आहे."

मग त्यांनी थायरॉइडच्या गोळीचे उदाहरण दिले. ती आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेतली तर आतड्यात कॅल्शियम तिला धरून ठेवते आणि ती पुरेशी शोषली जात नाही. तिथे चार तासांचे अंतर ठेवले की काम होते. पण एन्झाइम अडवणारे औषध शरीरात आहे तोवर अडवतच राहते. मग वॉरफरिन कोणत्याही वेळेला घेतली तरी फरक पडत नाही.

बुधवार

आज माझी शंका अशी होती की सोमवारच्या चिठ्ठीसोबतच आयएनआर करून पाहिला असता आणि तो बरोबर आला असता, तर मेट्रोनिडाझोल द्यायला हरकत होती का?

हरकत होतीच. आधी तयार झालेले गोठवणारे घटक रक्तात काही तास ते दोन-तीन दिवस टिकतात. ते संपेपर्यंत आकडा शांत दिसतो. बिघाड साधारण तीन ते पाच दिवसांत आकड्यात उतरतो, म्हणजे जुलाब थांबून रुग्ण घरी निवांत झाल्यावर. मग हिरड्यांतून रक्त, न लागता उठलेले काळेनिळे डाग, डांबरासारखी काळी शौच, लाल किंवा चहासारखी लघवी अशी लक्षणे दिसू शकतात. सर्वांत वाईट म्हणजे मेंदूतला रक्तस्राव. तेव्हा घरच्यांना आठवडाभरापूर्वीच्या जुलाबाच्या गोळीची आठवणही नसते.

काही वेळा मेट्रोनिडाझोल खरोखर लागते, उदाहरणार्थ अमिबामुळे यकृतात गळू झाले तर. अशा वेळी डॉक्टर वॉरफरिनचा डोस आधीच कमी करतात, तीन ते पाच दिवसांत आयएनआर पाहतात, आणि मेट्रोनिडाझोल संपल्यावर पुन्हा पाहतात. कारण अडवणारे औषध गेले की आकडा उलट खाली घसरतो. हा हिशेब डॉक्टरांनी करायचा. खिडकीवरच्या माणसाचे काम दोन्ही औषधे एकाच कागदावर आणून त्यांना दाखवण्याचे.

गुरुवार

मावशी आल्या. जुलाब थांबलेत. आयएनआर 3.8 आला. मी चकित झाले, कारण मेट्रोनिडाझोलची एकही गोळी पोटात गेली नव्हती.

सरांनी सांगितले की जुलाब आणि उपासमारीनेही आकडा वर जातो. चार दिवस भाजीपाला पोटात गेला नाही, त्यामुळे व्हिटॅमिन के कमी मिळाले. रक्तस्रावाचे कोणतेही चिन्ह नव्हते. डॉक्टरांनी एका रात्री अर्धी गोळी घ्यायला सांगितली आणि आठवड्याने परत बोलावले. ज्या दिवसांत आकडा आधीच वर चढत होता, त्याच दिवसांत मी त्यावर आणखी ओझे टाकणार होते.

पुढचा शुक्रवार

मावशींचा आयएनआर 2.9. पुन्हा रोजची 5 मिलिग्रॅम.

आता प्रत्येक चिठ्ठीला मी चार गोष्टी विचारते. रोजची गोळी कोणती? दुसऱ्या गावच्या किंवा दुसऱ्या डॉक्टरांची औषधे? गेल्या दोन आठवड्यांत दुकानातून नुसते नाव सांगून घेतलेले काही? आणि काढा, चूर्ण, आयुर्वेदिक गोळी? "काही औषध सुरू आहे का" असे विचारले की लोक "नाही" म्हणतात, कारण रोजची गोळी त्यांना औषध वाटत नाही, सवय वाटते. "बीपीची, साखरेची, हृदयाची, फिटची, टीबीची गोळी?" असे एकेक नाव घेतले की पिशवी उघडते.

मग पट्टीवरच्या कंपनीच्या नावाखालचे बारीक अक्षरातले मूळ नाव वाचते. जुलाबासाठी दुकानात मिळणाऱ्या जोडगोळ्यांत ऑफ्लॉक्सासिनसोबत ऑर्निडाझोल किंवा नॉरफ्लॉक्सासिनसोबत टिनिडाझोल असते. तीही मेट्रोनिडाझोलच्याच घरातली भावंडे आहेत, आणि वॉरफरिन घेणाऱ्याच्या बाबतीत त्यांनाही तोच प्रश्न विचारावा लागतो. नुसत्या ब्रँडवरून हे कळत नाही.

मूळ नावे संगणकावरच्या तपासणी यादीत टाकली की इशारे येतात. पहिल्या दिवशी मी प्रत्येक इशाऱ्याला सरांकडे धावले. नऊ औषधे घेणाऱ्या एका आजोबांच्या चिठ्ठीवर चौदा इशारे आले. सरांनी त्यातला एकच महत्त्वाचा ठरवला. आता मी पाहते की परिणाम किती गंभीर आहे, किती दिवसांत दिसेल, आणि वेळेच्या अंतराने सुटेल, तपासणीने सुटेल की औषध बदलावे लागेल. यादी फक्त दोन औषधांची जोडी ओळखते. मावशी चार दिवस जेवल्या नव्हत्या, हे तिला माहीत नसते.

रुग्ण आणि घरच्यांनी लक्षात ठेवावे असे

वॉरफरिन किंवा एसिनोकुमरॉल सुरू असेल तर त्याचा डोस आणि शेवटचा आयएनआर लिहिलेले कार्ड पाकिटात ठेवा. सर्दी, जुलाब, दातदुखी अशा किरकोळ वाटणाऱ्या आजारासाठी गेलात तरी डॉक्टरांना आणि औषध देणाऱ्याला ते दाखवा. बुरशीसाठीची फ्लुकोनॅझोल, को-ट्रायमॉक्साझोल आणि बहुतेक वेदनाशामक गोळ्या यांच्याबाबतही हीच काळजी लागते.

मोठ्या माणसाच्या साध्या पाण्यासारख्या जुलाबाला बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागत नाही. ओआरएस लागते. शौचात रक्त, जास्त ताप किंवा लघवी कमी होणे असे असेल तर डॉक्टरांकडे जा.

असे मिश्रण आधीच पोटात गेले असेल तर घाबरून वॉरफरिन सोडू नका. झडपेवर गुठळी होणे तितकेच जीवघेणे असते. त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा आणि आयएनआर कधी करायचा ते विचारा. काळी शौच, थांबत नसलेला रक्तस्राव, डोक्याला मार, अचानक तीव्र डोकेदुखी किंवा बोलण्यात अडखळणे असेल तर थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा.

औषधाचा दुष्परिणाम झाला असे वाटल्यास भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही तो कळवता येतो.