जुन्या फ्लॅटचे वायरिंग: कोटेशन मागवणारे पत्र

वायरिंगचे कोटेशन मागवताना सर्व इलेक्ट्रिशियनना एकच पत्र आणि पॉइंटची एकच यादी द्यावी. दिव्यांसाठी दीड, प्लगसाठी अडीच, गीझर-एसीसाठी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, प्रत्येक प्लगला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, हे पत्रातच लिहावे.

खरी गफलत ‘पॉइंट’च्या दरात होते. समजा, ४० पॉइंटसाठी एकाने प्रत्येकी ९०० रुपये, म्हणजे ३६,००० सांगितले. दुसऱ्याने ७०० प्रमाणे २८,०००. दुसऱ्याने भिंतीतील खाचा बुजवण्याचे ९,००० आणि राडारोडा उचलण्याचे ३,००० नंतर लावले, तर खर्च ४०,००० होतो. म्हणून दरात काय धरले आहे आणि काय नाही, हे प्रत्येकाकडून लेखी घ्यावे.